लकव्याचा पेशंट हलवताना आपली पाठ आणि त्याची कातडी दोन्ही कशी सांभाळायची (नवीन सिस्टर, ब्रदर, मावशी आणि घरच्या केअरटेकरसाठी)

मेडिसिन वॉर्डात नवीन लागलं की पहिल्या दोन-चार दिवसातच कोणीतरी हाक मारतं, "जरा काकांना वर घे गं", आणि आपण घेतो, पण कसं घ्यायचं ते नीट कोणी दाखवत नाही. जीएनएमच्या नर्सिंग कोर्सला बॉडी मेकॅनिक्सचा, म्हणजे वजन उचलताना अंग कसं वापरायचं त्याचा, धडा असतो, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो धडा खोक्यासाठी ठीक आहे. खोकं मध्येच घाबरून आपला गळा धरत नाही, त्याला नळ्या नसतात, आणि कॉट मध्ये आडवी असल्यामुळे पेशंटला अंगाजवळ धरता येतच नाही, हात लांब करूनच वाकावं लागतं.

मला इथे एकच गोष्ट नीट सांगायची आहे. आपली कंबर जाते ती आणि पेशंटला बेडसोर होतो ते, या दोन्हीच्या मागे बऱ्याचदा एकच कारण असतं, पेशंट चादरीवर घासत ओढला जातो. घासताना वरची कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं हाड पुढे जातं, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, आणि त्याच घासण्याच्या विरुद्ध जोर लावताना आपल्या मणक्याच्या चकत्यांवर दाब येतो. त्यामुळे घासणं कमी केलं तर दोघंही वाचतात.

उदाहरणासाठी एक पेशंट धरू. काका, वजन ८० किलो, डाव्या बाजूला लकवा, आयसीयूतून वॉर्डात आलेत, नाकात पातळ जेवण, म्हणजे फीड, देण्याची राईल्स ट्यूब, युरिनचं कॅथेटर, खाली अल्फा बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी. शुद्धीत आहेत, सांगितलेलं कळतं, उजवा हात-पाय चालतो. खाली जे लिहिलंय ते अशा पेशंटसाठी. मणक्याला मार, खुब्याचं फ्रॅक्चर, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर हे जसंच्या तसं करू नका, तिथे डॉक्टरांनी किती हलवायला सांगितलंय ते आधी विचारा.

काय काय जवळ पाहिजे

- स्लाइड शीट, म्हणजे दोन थर एकमेकांवर सरकतात असं गुळगुळीत नायलॉनचं कापड. वॉर्डात नसेल तर जाड सुती ड्रॉ शीट, खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढी
- उशा, कमीत कमी चार (दोन तर रिलेटिव्हना घरून आणायला सांगावं लागतं, सांगा)
- व्हीलचेअरवर घ्यायचं असेल तर ट्रान्सफर बेल्ट, फिजिओच्या डिपार्टमेंटला असतो
- ग्लोव्हज, टॉर्च, झिंक ऑक्साइडचं किंवा तसलं बॅरिअर क्रीम
- दुसरा माणूस. हे लिस्टमध्ये मुद्दाम लिहिलंय, कारण त्याच्याशिवाय सुरू करायचंच नाही

१. हात लावायच्या आधी दोन मिनिटं बघा

आधी हिशोब समजून घ्या. माणसाचा एक अख्खा पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतो, म्हणजे काकांचा नुसता एक पाय १३ किलोच्या आसपास. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथल्या टॉम वॉटर्स यांनी २००७ साली मांडलं की पेशंट हाताने उचलताना एका माणसावर ३५ पाउंड, म्हणजे १६ किलोच्या वर भार येऊ नये, आणि तेही पेशंट सहकार्य करणारा असेल, अचानक हलणार नसेल, आपण लांब वाकलेले नसू तेव्हाच. आता काकांना दोघांनी उचललं तर प्रत्येकी ४० किलो. चौघांनी उचललं तरी २०. म्हणजे "आम्ही चौघं आहोत, उचलू" हेसुद्धा बसत नाही. म्हणून उचलायचं हा विचारच सोडायचा आणि सरकवायचं कसं ते बघायचं.

मग हे बघा, कुठली बाजू लुळी आहे, पेशंट स्वतः किती करू शकतो, आणि कुठल्या नळ्या कुठे अडकल्यात. काकांना उजवा गुडघा वाकवून पाय गादीवर रोवता येतो का ते आधी करायला लावा. येत असेल तर तुमचं बरंच काम तेच करणार आहेत. कॅथेटरची बॅग भरलेली असेल तर आधी रिकामी करा, नळीला ढील द्या, आणि हलवताना बॅग मूत्राशयाच्या लेव्हलच्या वर उचलू नका, लघवी उलटी जाते. बॅग बाजूच्या रेलला अडकवलेली विसरून पेशंट सरकवला तर काय ओढलं जाईल ते मी सांगायला नको.

आणि काकांना सांगा. "काका, आता तुम्हाला वर सरकवणार आहोत, मी चला म्हटलं की उजव्या पायाने गादी दाबा." न सांगता हात घातला की माणूस अंग ताठ करतो आणि त्याच क्षणी तुमच्या कमरेत कळ येते.

२. कॉटची उंची आणि तुमचे पाय

कॉट वर-खाली होणारी असेल तर ती तुमच्या कमरेच्या लेव्हलला आणा, दोघांत उंचीचा फरक असेल तर बुटक्या माणसाच्या हिशोबाने. प्रायव्हेटला मोटरची किंवा हँडलची कॉट मिळते, सरकारी वॉर्डात लोखंडी कॉट आहे त्याच उंचीची. तिथे वाकण्यापेक्षा जवळ जा. साइड रेल खाली घ्या (फक्त जिथे माणूस उभा आहे त्या बाजूची, दुसरी वरच राहू दे), मांडी कॉटला टेकवा, आणि गरज पडली तर एक गुडघा गादीवर ठेवा. सिस्टर इन्चार्ज बघेल म्हणून लाजू नका, गुडघा वर ठेवला की तुमचं वाकणं कमी होतं.

पाय खांद्याएवढे फाकवून, एक पुढे एक मागे. पुढचा पाय त्या दिशेला जिकडे पेशंट जाणार आहे. जोर हातांनी लावायचा नाही, मागच्या पायावरचं अंगाचं वजन पुढच्या पायावर न्यायचं, हात फक्त चादर धरून ठेवतात. सगळ्यात वाईट काय तर वाकलेलं असताना कमरेतून वळणं. वळायचंच असेल तर पावलं टाकून वळा.

एक खरं सांगते, नुसतं असं नीट उभं राहून सगळं भागत नाही. बॉडी मेकॅनिक्स शिकवल्याने एकट्याने पाठीच्या दुखापती कमी होत नाहीत हे अभ्यासांमधून वारंवार दिसलंय. वजन जास्तच असेल तर पोझिशन कितीही चांगली असली तरी मणक्याला ते वजनच आहे. म्हणून स्लाइड शीट आणि दुसरा माणूस आधी.

३. खाली घसरलेल्या पेशंटला वर घेणं

वॉर्डात पाठ जाते ती जास्त करून याच कामात, दिवसातून कितीतरी वेळा करावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न, काका घसरतातच का? डोक्याकडचा भाग ४५-६० डिग्री वर करून ठेवला की माणूस घसरणारच. घसरताना माकडहाडावरची कातडी मागे चिकटलेली असते, बेडसोरची सुरुवात तिथेच होते. फीड नसेल आणि दम लागत नसेल तर डोकं ३० डिग्रीच्या वर ठेवायचं नाही. आणि वर करताना आधी गुडघ्याकडचं हँडल फिरवून गुडघे थोडे उचला, मग डोकं वर करा. बरेच जण उलटं करतात. त्याहून एक बारीक गोष्ट, काकांचा खुबा कॉटच्या मोडणीवर पाहिजे, म्हणजे जिथून कॉट वाकते बरोबर तिथे. खुबा मोडणीच्या खाली असेल तर कॉट वर केल्यावर त्यांची कंबर नाही वाकत, छाती वाकते, पोट दबतं आणि ते लगेच घसरतात.

तरीही घसरले, तर असं करा.

फीड देऊन तासभर झालाय का बघा, झाला नसेल तर थांबा, आडवं केलं तर फीड वर येऊन छातीत जाऊ शकतं. झाला असेल तर डोकं खाली करून कॉट सपाट करा. दम लागणारा पेशंट असेल तर जेवढं सोसेल तेवढंच खाली. डोक्याखालची उशी काढून कॉटच्या डोक्याकडच्या लोखंडाला उभी लावा, डोकं आपटणार नाही.

स्लाइड शीट घालताना पेशंटला उचलून खाली सारायची नसते. काकांना एका कुशीवर वळवा, शीटची अर्धी गुंडाळी पाठीला लावून ठेवा, दुसऱ्या कुशीवर वळवा आणि गुंडाळी पलीकडे ओढून सोडा. खांद्यापासून मांडीपर्यंत आली पाहिजे, आणि शक्य असेल तर टाचाही तिच्यावर येऊ द्या. टाचा चादरीवर घासत जातात हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

दोघं दोन बाजूंना, खांदा आणि खुबा यांच्या मधोमध उभे राहा. शीटची कड गुंडाळत काकांच्या अंगाला टेकेपर्यंत आणा आणि तिथे धरा, कोपरं तुमच्या अंगाजवळ. लांबून धरलं तर हात आणि पाठ दोन्ही ताणतात. काकांचा उजवा गुडघा वाकवून पाय रोवा, हनुवटी छातीला लावायला सांगा, डावा लुळा हात पोटावर ठेवा. मोजणारा एकच. आणि "एक-दोन-तीन" मोजू नका, अर्धे लोक तीनला ओढतात अर्धे तीननंतर, मग एका बाजूने ओढलं जातं. "एक, दोन, चला", आणि "चला"ला सगळ्यांनी वजन पुढच्या पायावर. एका दमात पूर्ण वर नेऊ नका, वीतभर गेले की थांबा, पाय सरकवा, परत. शीट सरकत असते त्यामुळे फार जोर लावलात तर काका डोक्याकडे धाडकन जातील, पहिल्यांदा करताना हे होतं.

झालं की शीट काढायची, आणि हे विसरायचं नाही. ती तिथेच राहिली तर पेशंट तिच्यावरूनच परत खाली येतो किंवा कॉटवरून घसरतो. काढताना वरची ओढू नका, खालचा कोपरा आत दुमडून खालच्या थरातून हळूहळू ओढा.

ड्रॉ शीटनेच करावं लागलं तर चार माणसं घ्या, दोन-दोन एका बाजूला, आणि ओढताना कड जराशी वर ताणून धरा, पूर्ण उचलायचं नाही पण कुल्ल्याचा भार गादीवरून थोडा सुटला पाहिजे. सरकारी वॉर्डात चार माणसं म्हणजे तुम्ही, मावशी, आणि दोन रिलेटिव्ह. रिलेटिव्ह घ्यायला हरकत नाही, पण ज्यांची स्वतःची कंबर दुखते असा मुलगा घेऊ नका आणि त्यांना दोनच गोष्टी सांगा, कड कुठे धरायची आणि "चला"ला काय करायचं.

आणि काय करायचं नाही: काखेत हात घालून वर ओढायचं नाही. जुने लोक हे सर्रास करतात, दोघं दोन काखांत हात घालतात आणि हिसका देतात. लकव्याच्या बाजूचा खांदा स्नायूंनी धरलेलाच नसतो, त्या हिसक्याने तो सांध्यातून खाली उतरतो आणि मग फिजिओच्या वेळी काका ओरडत राहतात, का ते कोणाला कळत नाही. डावा हात धरून तर कधीच ओढू नका. तसंच "माझ्या गळ्यात हात टाका" हेही बंद. घाबरले की काका सगळं वजन तुमच्या मानेवर टाकतील.

४. कूस बदलणं: ३० डिग्री म्हणजे नक्की किती

दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना माहीत आहे. कशी ते कमी लोकांना. बऱ्याच ठिकाणी पेशंट सरळ ९० डिग्री कुशीवर झोपवतात, मग सगळं वजन खुब्याच्या बाहेरच्या हाडावर येतं, तिथे मांस कमी, आणि बेडसोर माकडहाडाऐवजी खुब्याला होतो. पाहिजे तो ३० डिग्रीचा कल, ज्यात माकडहाडही सुटतं आणि खुब्याचं हाडही, वजन कुल्ल्याच्या मांसल भागावर येतं. घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये जेवढा कोन असतो तेवढे हे ३० डिग्री. सुरुवातीला मोबाईलमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने मोजून बघा, आपण अंदाजाने भलतंच ठेवत असतो.

काकांना उजव्या कुशीवर घ्यायचंय असं धरू. ते वळल्यावर उजव्या कडेला जातील, म्हणून आधी स्लाइड शीटने पूर्ण अंग डाव्या कडेकडे थोडं सरकवा. वळवणाऱ्याने उजव्या बाजूला उभं राहायचं, पेशंट नेहमी स्वतःकडे वळवायचा, ढकलायचा नाही, ढकलताना पलीकडे काय होतं ते दिसत नाही. उजवा हात अंगापासून बाजूला, डावा हात छातीवर, डावा गुडघा वाकवून उजव्या पायावरून अलीकडे. हा वाकलेला गुडघा महत्त्वाचा, तो वळवला की त्याच्या मागोमाग खुबा आपोआप येतो आणि तुम्हाला बळ कमी लागतं. एक हात डाव्या खांद्याच्या मागे पाठीच्या पात्यावर, दुसरा डाव्या खुब्यावर. आता पुढच्या पायावरून मागच्या पायावर वजन न्या, काका तुमच्याकडे वळतील.

दुसरा माणूस मागून पाठ बघून घेतो (काय बघायचं ते खाली आहे), चादरीच्या सुरकुत्या ओढतो, आणि उशी लांबीने पाठीला लावतो, खांद्यापासून कमरेपर्यंत. माकडहाडाखाली उशी येऊ द्यायची नाही. मग काकांना हळूच त्या उशीवर मागे टेकवा. झालं ३० डिग्री. तपासायचं असं, तळहात वर करून माकडहाडाखाली सारा, हात मोकळा गेला पाहिजे. नाही गेला तर उशी नीट नाही.

राहिलेल्या उशा: एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, हाडाला हाड घासू नये म्हणून. एक छातीपुढे, तिच्यावर डावा लुळा हात पूर्ण, मनगट खाली लोंबकळत ठेवायचं नाही, सूज येते. खालचा उजवा खांदा जरा पुढे ओढून घ्या, पण हात धरून नाही, पात्याखाली हात घालून.

डाव्या, म्हणजे लुळ्या कुशीवर झोपवायचं नाही असा एक समज आहे, झोपवता येतं. फक्त तो खांदा अंगाखाली दाबला जाता कामा नये, पुढे काढून ठेवा, आणि त्या बाजूला दुखतंय हे काकांना नीट जाणवेलच असं नाही म्हणून लवकर बघा.

टाचा वेगळ्या. पाठीवर झोपलेले असताना पोटरीखाली लांबीने उशी द्या, टाच हवेत लोंबली पाहिजे, कागद सारला तर आरपार जावा. उशी फक्त घोट्याजवळ दिली तर घोट्यामागची जाड शीर दबते, फक्त गुडघ्यामागे दिली तर तिथली रक्तवाहिनी. पोटरी पूर्ण टेकलेली आणि गुडघा किंचित वाकलेला, एवढंच. आता ते ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं अजून खूप वॉर्डांत चालतं, तसंच माकडहाडाखाली रबरी रिंग. दोन्ही सोडून द्या. ग्लोव्हजमधलं पाणी बाजूला होतं आणि टाच टेकतेच, रिंगमुळे मधला भाग सुटतो पण कडेच्या गोल पट्ट्यावर एवढा दाब येतो की मधल्या भागाचं रक्त अडतं.

५. फीड आणि कूस यांची वेळ जुळवणं

इथे नवीन लोकांची फार गडबड होते. फीडला डोकं ३० ते ४५ डिग्री वर पाहिजे, नंतरही तासभर. बेडसोरसाठी ३० च्या वर नको. आणि कूस बदलायला जवळजवळ आडवं लागतं. सगळं बसवायचं असेल तर क्रम असा, आधी सरकवणं आणि कूस, मग डोकं ३० डिग्री वर, मग फीड. कुशीवर असतानाही डोकं ३० वर करता येतं. काकांना दर दोन तासांनी फीड असेल तर सकाळच्या शिफ्टला हे असं बसतं: ८ ला उजवी कूस आणि फीड, १० ला पाठीवर आणि फीड, १२ ला डावी कूस आणि फीड, २ ला हँडओव्हर देतानाच परत उजवी. फीड आधी देऊन बसलात तर पुढचा तासभर काका आहेत त्याच जागेवर.

दोन तास हा काही लोखंडी नियम नाही. बघताना दोन तासातच लाली दिसली तर दीड तासावर या. चांगली फोमची गादी असेल आणि कातडी व्यवस्थित असेल तर काही पेशंटना चार तासही चालतात, पण ते सिस्टर इन्चार्ज आणि डॉक्टरांशी बोलून, आपल्या सोयीने नाही. आणि अल्फा बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. अल्फा बेडचा पंप चालू आहे का, नळी कॉटमध्ये चेमटली नाही ना, डायल वजनाप्रमाणे आहे ना, हे शिफ्टला येताच बघा. त्या गादीखाली, माकडहाडाच्या खाली हात सारून बघा, हाड जाणवलं तर हवा नाहीये, पेशंट थेट खालच्या गादीवर टेकलाय. वर एकच सुती चादर. रबरी मॅकिन्टॉश, ड्रॉ शीट, वर डायपर, वर अजून एक शाल असं थरावर थर घातलं की गादीचा उपयोग संपला, शिवाय रबराखाली घाम साचून कातडी भिजते.

६. कातडी बघायची कशी

कूस बदलताना पाठ उघडी असते तेव्हाच बघा, वेगळा वेळ लागत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू. आणि नळ्यांच्या जागा, राईल्स ट्यूबने नाकपुडीची कड, ऑक्सिजन मास्कच्या इलॅस्टिकने कानामागे, मांडीखाली दबलेली कॅथेटरची नळी. सुईची टोपी, मोबाईलचा चार्जर, बिस्किटाचे तुकडे, काय काय निघतं अंगाखालून.

लाल दिसलं तर बोटाने हलकं तीन सेकंद दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त फिरतंय, दाब काढा आणि अर्ध्या-एक तासाने परत बघा. दाबूनही लाल तसंच राहिलं तर ती बेडसोरची पहिली स्टेज, लगेच सांगायचं. पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडे सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, ते डाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळपट दिसतात. तिथे हाताने बघा, शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का गार, कडक आहे का पिलपिलीत, आणि काका तिथे हात लावल्यावर तोंड वाकडं करतात का. टॉर्च लावा, ट्यूबलाइटच्या उजेडात काही कळत नाही.

लाल जागेवर चोळायचं नाही. बॅक केअर म्हणजे स्पिरिट लावून चोळणे आणि पावडर टाकणे असं आपण शिकलो, पण स्पिरिटने कातडी कोरडी पडते, चोळल्याने आधीच दुखावलेला भाग आतून फाटतो, आणि पावडर घामात मिसळून खरखरीत गोळे होतात. कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, डायपर वापरत असाल तर बॅरिअर क्रीम पातळ लावा. पुरे.

चार्टवर "पोझिशन चेंज्ड" एवढंच लिहू नका, त्याचा पुढच्या शिफ्टला काही उपयोग नाही. असं लिहा: "१२ वा. डावी कूस ३० डिग्री. माकडहाड ठीक. उजवी टाच लाल, दाबल्यावर पांढरी होते, पोटरीखाली उशी दिली." हॉस्पिटलला एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता असेल तर अ‍ॅडमिशननंतर झालेले बेडसोर मोजले जातात, तेव्हा कोणी काय बघितलं ते इथूनच शोधतात. आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी आधीच बेडसोर असेल तर तेही त्याच दिवशी लिहा, नाहीतर तो तुमच्या वॉर्डाच्या नावावर जातो.

७. कॉटवरून व्हीलचेअरवर

हे फिजिओने परवानगी दिल्यावरच. तरी स्वतः तीन गोष्टी बघा, काका कडेला आधाराशिवाय मिनिटभर बसू शकतात का, उजवा गुडघा सरळ करून पाय धरून ठेवतात का, आणि सांगितलेलं करतात का. यातलं एक जरी नाही आलं तर उभं करू नका, होइस्ट, म्हणजे पेशंट उचलायचं यंत्र, असेल तर ते, नसेल तर आज व्हीलचेअर नाही. डॉक्टर म्हणाले "बसवा" म्हणून दोघांनी ८० किलो झेलत बसवायचं नसतं, कॉटवर डोकं वर करूनही बसवता येतं.

खुर्ची काकांच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, कॉटला तिरकी. ब्रेक लावा, फूटरेस्ट वर करा. त्यांना उजव्या कुशीवर घ्या, पाय कॉटखाली सोडा आणि उजव्या कोपरावर जोर देऊन उठायला सांगा, पायाच्या वजनाने धड वर येतं. मग थोडा वेळ तसंच बसू द्या. बरेच दिवस झोपलेला माणूस एकदम उभा केला की बीपी पडतं, चक्कर येते का विचारा, चेहरा बघा. पायात नुसते मोजे नकोत.

ट्रान्सफर बेल्ट कमरेला, तुम्ही समोर, तुमचे गुडघे त्यांच्या डाव्या गुडघ्याला अडवून, कारण तोच गुडघा मुडपणार आहे. पुढे वाकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की कुल्ला आपोआप उचलतो. "एक, दोन, चला", उभे राहिले की घाई नाही, छोटी पावलं टाकत वळा, उजव्या हाताने खुर्चीचा पलीकडचा हात धरू द्या, आणि हळू बसवा. बसल्यावर कुल्ला पूर्ण मागे पाहिजे. खुर्चीत तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, बसल्यावर माकडहाड आणि बैठकीच्या हाडांवर झोपण्यापेक्षा जास्त दाब असतो.

मध्येच पडायला लागले तर झेलू नका. हे मनाला पटत नाही पण पडणारा ८० किलोचा माणूस झेलताना दोघंही पडतात. बेल्ट धरून अंगाजवळ ओढा, एक पाय पुढे करा आणि त्या पायावरून त्यांना जमिनीवर सरकत जाऊ द्या, डोकं सांभाळा. जमिनीवरून लगेच उचलू नका, डॉक्टरांना बोलवा, मार बघू द्या, मग माणसं जमवा.

८. तुमची पाठ दुखायला लागली तर

कमरेचा पट्टा लावून ड्युटी करणारे खूप दिसतात. नायॉशने १९९४ मध्येच सांगितलंय की निरोगी माणसाची पाठ पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही. उलट पट्टा आहे म्हणून माणूस जास्त वजन उचलतो. पेशंट हलवताना कळ आली तर त्याच दिवशी इन्सिडंट फॉर्म भरा, दुसऱ्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर "घरी काहीतरी केलं असेल" म्हणतात. साधी कंबर दुखत असेल तर पडून राहू नका, सोसेल तेवढं हलत-चालत राहा, पण पेशंट सरकवायच्या कामातून थोडे दिवस सुट्टी मागा. आणि पायात जोर कमी झाला, मांड्यांच्या मधल्या भागात, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.